उरलेली वर्षे आणि गेलेली वर्षे : ग्वाल्हेरच्या एका उत्तरपत्रिकेची चिरफाड

माझी भाची ग्वाल्हेरात बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय इतिहास. दिवाळीनंतरच्या सराव परीक्षेत तिला एका प्रश्नाला पंधरापैकी सहा गुण पडले आणि ती उत्तरपत्रिका घेऊन थेट आमच्या लष्करातल्या घरी आली. (ग्वाल्हेरबाहेरच्या वाचकांसाठी : लष्कर हा शहराचाच एक भाग आहे. दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली आणि तेच नाव वस्तीला चिकटले. आमच्या घरात कोणी सैन्यात नाही.)

"मावशी, माहिती सगळी बरोबर आहे. एकही नाव चुकलेलं नाही, पुस्तक उघडून बघ. तरी सहा?"

प्रश्न असा होता : ग्वाल्हेर-विदिशा भागाचा मौर्य ते तोमर काळापर्यंतचा इतिहास कोरीव लेखांच्या आधारे लिहा. मी शाळेत बरीच वर्षे इतिहास शिकवला आहे, त्यामुळे चष्मा लावून लाल शाई कुठे कुठे उमटली आहे तेवढेच आधी पाहिले. समासात चार ठिकाणी एकच शब्द होता : कालक्रम? तिचे उत्तर हिंदीत होते. त्यातला मुख्य परिच्छेद इथे मराठीत उतरवते, सनांची मांडणी मात्र तिचीच ठेवते.

"अशोकाचा काळ इ.स.पू. २६८–३२. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला (११३ ई.पू.) विदिशाजवळ हेलिओडोरसने गरुडस्तंभ उभारला. त्याच शतकाच्या अखेरीस (इ.स.पू. १८५) मौर्य सत्ता संपून शुंग आले. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिराचा लेख इ.स. ९३३ चा, म्हणजे दहाव्या शतकातला. सास-बहू मंदिराचा लेख ११५० चा, म्हणजे बाराव्या शतकाच्या मध्यावरचा. मानसिंह तोमर (१४८६–१५१६) पंधराव्या शतकात होऊन गेला. पुढे १८५८ साली, अठराव्या शतकाच्या पन्नासच्या दशकात, राणी लक्ष्मीबाईंना याच शहरात वीरमरण आले."

भाचीचे म्हणणे खोटे नव्हते. एकही नाव चुकलेले नाही, आणि आकडे म्हणून पाहिले तर आकडेही पुस्तकातलेच आहेत. तरी हा परिच्छेद वाचणाऱ्याला हेलिओडोरस शुंगांच्या आधी भेटतो, चतुर्भुज मंदिर साठ वर्षे उशिरा बांधले जाते आणि लक्ष्मीबाई शंभर वर्षे आधी लढतात. परीक्षकाने सहा दिले हेच मला उदारपणाचे वाटले, पण तसे तोंडावर म्हटले नाही.

स्तंभ आधी की शुंग आधी

सगळ्यात महागात पडली ती दुसरी-तिसरी ओळ, म्हणून तिथून सुरुवात केली. तिला विचारले, "इ.स.पू. ११३ आधीचं की १८५?"

"१८५ आधीचं," ती लगेच म्हणाली. "इसवी सनापूर्वी आकडे उतरत येतात, हे काय मला माहीत नाही?"

"मग शुंग शतकाच्या अखेरीस कसे आले?"

ती गप्प झाली. थोड्या वेळाने तिने मोबाइल काढला आणि त्यातला तक्ता दाखवला, तेव्हा चुकीचे मूळ सापडले. सगळ्या घटना तिने एका तक्त्यात भरल्या होत्या : पहिल्या रकान्यात घटना, दुसऱ्यात वर्ष, तिसऱ्यात इ.स. किंवा ई.पू. मग दुसऱ्या रकान्यावरून तक्ता लहान आकड्यापासून मोठ्या आकड्याकडे लावून घेतला. यंत्राला तिसऱ्या रकान्याची खबर नसते. त्याने ११३ वर ठेवले, १८५ त्याच्या खाली आणि अशोकाचे २३२ आणखी खाली. महिनाभर हाच तक्ता डोळ्यांसमोर ठेवून तिने पाठ केले. नियम डोक्यात पक्का होता, पण परीक्षेत हात डोळ्यांच्या सवयीने चालला.

मात्र तक्ता नसता तरी ही चूक झालीच असती असे मला वाटते, कारण ती मी नीट पाठांतर केलेल्या मुलांतही पाहिली आहे. कोणते वर्ष आधीचे हे ती मुले बरोबर सांगतात. पण 'शतकाच्या सुरुवातीला', 'उत्तरार्धात', 'अखेरच्या चरणात' असे शब्दांत लिहायची वेळ आली की घसरतात. १८५ मधले ८५ पाहिले की मन म्हणते, शंभराच्या जवळ आलो, म्हणजे शतक संपत आले. इसवी सनात असा विचार चालतो. १७८५ म्हणजे अठराव्या शतकाची अखेर जवळ आलेली असते. इसवी सनापूर्वी तोच विचार आपल्याला उलट्या टोकाला नेऊन सोडतो.

यावर मी मुलांना एकच गोष्ट सांगत आले आहे. इसवी सनात शेवटचे दोन अंक म्हणजे त्या शतकातली गेलेली वर्षे. इसवी सनापूर्वी शेवटचे दोन अंक म्हणजे त्या शतकातली उरलेली वर्षे. इ.स.पू. १८५ मध्ये दुसरे शतक संपायला अजून सुमारे ८५ वर्षे आहेत, म्हणजे शतक नुकतेच उजाडले आहे. इ.स.पू. ११३ मध्ये उरली आहेत फक्त तेरा, म्हणजे दिवस मावळतीला आलेला. एवढे धरले की पूर्वार्ध-उत्तरार्ध चुकत नाही. इ.स.पू. दुसरे शतक म्हणजे २०० ते १०१ ही वर्षे. त्यातली २०० ते १५१ हा पूर्वार्ध आणि १५० ते १०१ हा उत्तरार्ध.

शतकाचा क्रमांक काढायची रीत दोन्ही बाजूंना सारखीच आहे, हे मुलांना खरे वाटत नाही. शेकड्याच्या अंकात एक मिळवायचा. १८५ मध्ये शेकडा एक, म्हणून दुसरे शतक. ८७६ मध्ये शेकडा आठ, म्हणून नववे. दोन शून्यांनी संपणारे वर्ष तेवढे अपवाद, तिथे काही मिळवायचे नाही. १९०० हे एकोणिसाव्या शतकातलेच वर्ष आणि इ.स.पू. २०० हे दुसऱ्याच शतकातले. फरक इतकाच की इसवी सनात हे शून्यांचे वर्ष शतकाचे शेवटचे असते आणि इसवी सनापूर्वी ते शतकाचे पहिले असते.

भाचीला मी अशोकाच्या वर्षांवर हे करून बघायला सांगितले. सुमारे २६८ ते २३२. शेकडा दोन, म्हणून तिसरे शतक. सुरुवातीला ६८ वर्षे उरलेली, शेवटी ३२. म्हणजे राज्य पूर्वार्धात सुरू होऊन उत्तरार्धात संपले आणि 'तिसऱ्या शतकाचा मध्य' हे शब्द त्याला चपखल बसतात. तिने हे बोटांवर न मोजता सांगितले, तेव्हा मी पुढे सरकले.

पण आधी त्या २६८–३२ बद्दल. इसवी सनात १९१४–१८ असे लिहिले तर कुणाचा गोंधळ होत नाही, कारण पुढचा आकडा मोठाच असणार हे ठरलेले असते. इसवी सनापूर्वी पुढचा आकडा लहानच असतो, त्यामुळे २६८–३२ हे सरळ सरळ 'इ.स.पू. २६८ ते इ.स.पू. ३२' असेच वाचले जाते आणि अशोक दोनशे छत्तीस वर्षे राज्य करतो. इथे काटकसर करायची नाही, दोन्ही वर्षे पूर्ण लिहायची. नाव मात्र एकदाच पुरते : इ.स.पू. २६८–२३२. काळ एका बाजूकडून दुसरीकडे जात असेल तरच दोन्ही नावे लागतात, जसे रोमचा ऑगस्टस, इ.स.पू. २७ ते इ.स. १४.

भिंतीवरचे शून्य

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किल्ल्यावर गेलो. अभ्यासासाठी म्हणून नव्हे, तिला घरात बसून कंटाळा आला होता. ग्वाल्हेर दरवाजाकडून चढण चढताना वाटेत चतुर्भुज मंदिर लागते, खडकातच कोरलेले, एवढेसे. बाहेरगावचे पाहुणे इथे येतात ते शून्य पाहायला. आतल्या लेखात देवाला दिलेल्या फुलबागेची मापे आहेत, २७० हात आणि १८७ हात, आणि रोजच्या ५० माळांची व्यवस्था आहे. त्या २७० आणि ५० मधले शून्य आपण आज काढतो तसेच, लहानसे वर्तुळ.

लेखाचे वर्षही त्याच्यावर अंकांत दिलेले आहे : ९३३. भाचीने तेच उचलून त्यापुढे 'इ.स.' चिकटवले होते. पण कोरणाऱ्याला इसवी सन ठाऊकच नव्हता. त्याचे ९३३ हे विक्रम संवताचे. त्यातून ५७ वजा केले की ८७६ येते आणि बहुतेक पुस्तकांत हेच वर्ष असते, इ.स. ८७६, म्हणजे नववे शतक. प्रतिहारांचा मिहिरभोज तेव्हा गादीवर होता. दहावे शतक लिहिले की भोज मागे पडतो आणि सारा राजकीय संदर्भच बदलतो. परीक्षकाने तिथे दोन रेघा ओढल्या होत्या त्या यासाठी.

सास-बहू मंदिराची गत तीच. तिथला लेख संवत ११५० चा आहे. ११५० मधून ५७ गेले की १०९३, म्हणजे अकराव्या शतकाची शेवटची सात-आठ वर्षे. भाचीने ते बाराव्या शतकाच्या मध्यावर नेऊन ठेवले होते, कारण ११५० हा आकडा दिसायलाच शतकाचा मध्य वाटतो. इथे तर तिने कोणताही सन लिहिलेला नव्हता. नुसता '११५० चा लेख'. नुसत्या आकड्याला वाचणारा इसवी सनच समजतो, त्यामुळे ही चूक अधिक घातक.

आमच्यासारख्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत यात आणखी एक भर असते. भिंतीवर मराठी पंचांग, त्यात शालिवाहन शके. शेजारच्या घरात हिंदी पंचांग, त्यात विक्रम संवत. दोन्ही इथे चैत्र शुद्ध प्रतिपदेलाच बदलतात आणि त्यांच्यातले अंतर कायम १३५. भाची लहानपणापासून दोन्ही पाहत आली आहे, पण हे आकडे उत्तरपत्रिकेतही येतात हे तिच्या ध्यानात नव्हते. मी तिला शिवराज्याभिषेकाचे उदाहरण दिले. शके १५९६. तसेच वाचले तर सोळावे शतक वाटते. ७८ मिळवले की १६७४, सतरावे शतक. संवताचा आकडा इसवी सनापेक्षा मोठा, म्हणून वजाबाकी. शकाचा लहान, म्हणून बेरीज. पौष-माघातली तिथी असेल तर ती बहुधा पुढच्या इंग्रजी वर्षात जाते, म्हणून तिथे ५७ ऐवजी ५६ आणि ७८ ऐवजी ७९ धरावे लागतात. गुजरातेत तर संवत कार्तिकात बदलतो, त्यामुळे तिथल्या लेखांना वेगळा हिशेब. पण शतक ठरवायला हा एका वर्षाचा फरक क्वचितच आड येतो, आणि परीक्षेच्या खोलीत त्यात गुंतून पडू नये असे माझे मत आहे.

उत्तरात काय लिहायचे? मी सांगितले, मूळ सन आणि रूपांतर दोन्ही लिही : विक्रम संवत ९३३ (इ.स. ८७६). परीक्षकाला दिसते की आकडा लेखावरचा आहे आणि तू तो समजून घेतला आहेस.

नऊशे एकोणनव्वद

घरी येऊन तिने तक्ता दुरुस्त केला. इसवी सनापूर्वीच्या प्रत्येक वर्षामागे वजा चिन्ह लावले, पुन्हा लावून घेतला आणि आता अशोक वर, शुंग त्याखाली, हेलिओडोरस त्याखाली असे सगळे शहाण्यासारखे उभे राहिले. उपाय चांगला होता. मग तिने उत्साहात नव्या मसुद्यात एक वाक्य घातले : "गरुडस्तंभ आणि चतुर्भुज मंदिराचा लेख यांत ९८९ वर्षांचे अंतर आहे." ८७६ वजा (–११३) बरोबर ९८९. यंत्राने काढलेला आकडा, चुकणार कसा?

चुकतो तो एका वर्षाने. इ.स.पू. १ नंतरचे वर्ष इ.स. १, मध्ये शून्य नाही. इसवी सनाची मोजणी सहाव्या शतकात, ५२५ च्या सुमारास, डायोनिसियस एक्झिगुअस नावाच्या रोममधल्या ख्रिस्ती साधूने घातली. तो रोमन अंक वापरत असे आणि त्यांत शून्याला जागाच नव्हती. पुढे त्या सनाच्या मागे मोजायला सुरुवात झाली तेव्हाही एकाच्या मागे एकच आला. म्हणून दोन बाजूंच्या वर्षांमधले अंतर काढताना दोन्ही आकडे मिळवायचे आणि एक कमी करायचा : ११३ आणि ८७६ मिळून ९८९, उणे एक, ९८८. ऑगस्टसचे २७ आणि १४ मिळून ४१, उणे एक, चाळीस वर्षे.

भाचीला हे पटले नाही. ती म्हणाली, "एका वर्षाने काय होतं?" तेव्हा मी संवताचाच हिशेब उलटा करायला दिला. संवत ५८ म्हणजे कोणते वर्ष? ५८ मधून ५७ गेले, इ.स. १. ठीक. संवत ५७? तिने वजाबाकी केली आणि थांबली. उत्तर शून्य. असे वर्षच नाही, ते इ.स.पू. १. मग संवत १? १ मधून ५७ गेले, उणे ५६. तिने 'इ.स.पू. ५६' लिहिले आणि स्वतःच खोडले, कारण विक्रम संवताचा आरंभ इ.स.पू. ५७ हे पाठ केलेले होते. वजाबाकीतल्या शून्याला इ.स.पू. १ मानले की उणे एक म्हणजे इ.स.पू. २ आणि उणे ५६ म्हणजे इ.स.पू. ५७. खगोलशास्त्रज्ञ असेच करतात, त्यांच्या मोजणीत वर्ष शून्य असते आणि ते म्हणजे आपले इ.स.पू. १. तिच्या तक्त्यातही हेच करता येते. इसवी सनापूर्वीच्या वर्षामागे वजा लावताना आकडा एकाने कमी करून लावायचा, ११३ ऐवजी –११२. मग क्रमही बरोबर लागतो आणि अंतरही. फक्त त्या रकान्यातला आकडा उत्तरात जसाच्या तसा उतरवायचा नाही, नाहीतर नवेच प्रकरण उभे राहील.

"म्हणजे सकाळी ज्या भिंतीवर आपण शून्य बघून आलो, त्या भिंतीवरचा सन मागे मोजत गेलं की शून्य अडवतं," ती म्हणाली. मला हे सुचले नव्हते.

तरीही ९८८ हा आकडा मी तिला लिहू दिला नाही. हेलिओडोरसच्या स्तंभावर सन कोरलेलाच नाही. तो तक्षशिलेच्या अँटिआल्किडस राजाचा दूत होता आणि लेखात काळ दिला आहे तो इथल्या भागभद्र राजाच्या राज्यकालाचे चौदावे वर्ष म्हणून. आपले ११३ हे अभ्यासकांनी लावलेले अनुमान आहे. ज्या आकड्याआधी 'सुमारे' लागते त्यावर अंकगणित करून शेवटच्या वर्षापर्यंत अचूक उत्तर काढणे म्हणजे दुधात पाणी किती हे माहीत नसताना वजन गुंजेत सांगणे. तिथे 'सुमारे एक हजार वर्षे' एवढेच खरे. एक वजा करायची रीत कामाला येते ती दोन्ही टोके पक्की असतात तेव्हा. ऑगस्टसच्या बाबतीत तशी ती आहेत.

दशकाची गाठ

मानसिंह तोमराचे लवकर आटोपले. १४८६ पंधराव्या शतकातले, १५१६ सोळाव्यातले. निम्मे राज्य एकात आणि निम्मे दुसऱ्यात असताना 'पंधराव्या शतकात होऊन गेला' म्हणणे अर्धसत्य. 'पंधराव्या शतकाची अखेर ते सोळाव्या शतकाचा आरंभ' असे लिहायचे.

लक्ष्मीबाईंच्या ओळीत दोन गोष्टी होत्या. १८५८ ला अठरावे शतक म्हणणे ही आकडा पाहून केलेली जुनी चूक, तिच्यावर बोलायची गरज पडली नाही. दशकाची गंमत वेगळी आहे. पन्नासचे दशक म्हणजे ज्या वर्षांच्या मागे पन्नास-एकावन्न असे येते ती, १८५० ते १८५९. ही बोलीतली मोजणी. क्रमांकाने मोजले तर एकोणिसाव्या शतकाचे पहिले दशक १८०१ ते १८१०, त्या हिशेबाने १८५१ ते १८६० हे सहावे. म्हणजे १८५८ हे पन्नासच्या दशकातले आणि सहाव्या दशकातलेही. पन्नासवरून 'पाचवे दशक' लिहिले की आपण १८४१–५० मध्ये जाऊन पडतो. मराठी वर्तमानपत्रांतसुद्धा ऐंशीच्या दशकाला आठवे दशक म्हटलेले मी पाहिले आहे, ते असते नववे.

काठावरच्या वर्षाला दोन मोजण्या वेगळी उत्तरे देतात. भारतीय दंडविधान १८६० चे : बोलीत साठच्या दशकातले, क्रमांकाने सहाव्या. म्हणून एका उत्तरात एकच मोजणी ठेवावी, आणि वर्ष माहीत असेल तर सरळ वर्षच लिहावे. इसवी सनापूर्वी दशकाच्या वाटेला जाऊच नये असे मी तिला सांगितले. इ.स.पू. १८० चे दशक म्हणजे १८९ ते १८०, पण वाचणारा १८० पासून पुढे मोजू लागतो. 'सुमारे इ.स.पू. १८५' याने काम भागते.

ई.पू., इ.स.पू. आणि बीसीई

शेवटी राहिली नावे. तिच्या एकाच परिच्छेदात '११३ ई.पू.' आणि 'इ.स.पू. १८५' दोन्ही होते. हिंदीत नाव आकड्यानंतर येते : १८५ ई.पू., ८७६ ई. मराठीत आधी : इ.स.पू. १८५, इ.स. ८७६. तिने हिंदी उत्तरात आजोबांच्या मराठी पुस्तकातून वर्षे उतरवली आणि नावेही सोबत आली. इंग्रजीतही हा आधी-नंतरचा भेद आहे. जुन्या पद्धतीत एडी आकड्याआधी आणि बीसी आकड्यानंतर, नव्या पद्धतीत सीई आणि बीसीई दोन्ही आकड्यानंतर.

यावर तिने जो प्रश्न विचारला तो मला आजवर अनेकांनी विचारला आहे. "बीसीई केलं की वर्ष बदलतं का?" नाही. सामान्य युगाचे पहिले वर्ष तेच जे इसवी सनाचे पहिले. अशोकाचा काळ बीसीमध्ये २६८–२३२ आणि बीसीईमध्येही २६८–२३२. बदलते ते नाव, कारण नव्या नावात ख्रिस्ताचा उल्लेख येत नाही. म्हणून दोन्हींपैकी कोणतीही जोडी चालते, पण एडीच्या जोडीला बीसीई बांधू नये. बीसी-एडी किंवा बीसीई-सीई. मराठीत उत्तर लिहिणाऱ्याने इ.स. आणि इ.स.पू. हीच जोडी वापरावी असे मी म्हणते, परीक्षकाला ती एका नजरेत कळते. 'सामान्य युगपूर्व' लिहायचेच असेल तर पहिल्यांदा पूर्ण लिहावे आणि मग संक्षेप करावा.

तिसरा मसुदा तिने गेल्या रविवारी दाखवला. इथे पुन्हा मराठीत देते :

"अशोकाचा काळ (सुमारे इ.स.पू. २६८–२३२) इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर येतो. दुसऱ्या शतकाच्या आरंभी, सुमारे इ.स.पू. १८५ मध्ये, मौर्य सत्ता संपून शुंग आले. त्याच शतकाच्या अखेरीस, सुमारे इ.स.पू. ११३ मध्ये, हेलिओडोरसने विदिशाजवळ गरुडस्तंभ उभारला. त्यानंतर सुमारे एक हजार वर्षांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिराचा लेख कोरला गेला, विक्रम संवत ९३३ (इ.स. ८७६), म्हणजे नवव्या शतकाच्या उत्तरार्धात. सास-बहू मंदिराचा लेख विक्रम संवत ११५० (इ.स. १०९३) चा, अकराव्या शतकाच्या अखेरचा. मानसिंह तोमर (१४८६–१५१६) पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून सोळाव्याच्या आरंभापर्यंत गादीवर होता."

लक्ष्मीबाईंची ओळ तिने काढून टाकली होती. प्रश्न तोमरांपर्यंतचाच होता, हे माझ्याही लक्षात आले नव्हते.

"'त्याच शतकाच्या' नको," मी म्हटले. "'इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या' पुन्हा पूर्ण लिही. मध्ये 'दुसऱ्या शतकाच्या आरंभी' आहे तिथेही इ.स.पू. नाही."

"मावशी, वाक्य जड होतं ग."

ती काही बदलायला तयार नव्हती. वही तशीच घेऊन गेली.